बुटाच्या पोटातली गादी

आमच्या शाळेच्या मैदानावर एका जानेवारीत माझी चांगलीच फजिती झाली. वार्षिक खेळांचा दिवस होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि कवायतही घेतो, त्यामुळे पंचाचे काम माझ्याकडे होते. बाहेरचे पाहुणे येणार, म्हणून मी ट्रंकेतून माझे ठेवणीतले बूट काढले. सात वर्षांपूर्वी घेतलेले, पाच-सहा वेळाच पायात घातलेले. वरून अगदी नवे कोरे. शंभर मीटरची पहिली शर्यत सुटली, मी चार पावले पळालो, आणि उजव्या बुटाचा तळ मागे मैदानावर राहिला. उचलून पाहतो तर खालचे रबर शाबूत, वरचे कातडे शाबूत. मधला जाड थर मात्र बोटाने दाबला की शिळ्या भाकरीसारखा कुसकरत होता. मुले हसली. हसणारच. दुपारपर्यंत डाव्यानेही तोच मार्ग धरला.

त्याच दिवशी नववीतली एक मुलगी पंधराशे मीटरच्या शर्यतीतून अर्ध्यातच बाहेर आली. तालुक्याला पहिली येईल अशी आमची आशा होती. नडगी दुखते म्हणाली. महिनाभर दुखत होती, पण ‘सांगितलं तर पळू देणार नाहीत’ म्हणून बोलली नव्हती. तिचे बूट मी पाहिले. मावसभावाने वर्षभर वापरून दिलेले, पण धुऊन पुसून इतके नीट ठेवलेले की तळाचे नक्षीकामही बरेचसे शिल्लक होते. कोणीही म्हटले असते, बूट चांगले आहेत.

म्हणजे एकाच दिवशी दोन जोड दगा देऊन गेले. एक न वापरता गेला, दुसरा वापरून गेला. एकाचा भुगा झाला, दुसरा आतल्या आत दबून बसला. ही दोन दुखणी अगदी वेगळी आहेत, आणि ती दोन वेगळ्या फोमांची दुखणी आहेत. ती ओळखता आली तर पुढच्या वेळी बूट घेताना आपले पैसेही वाचतील आणि पायही.

फुटका बूट हाती होताच, तेव्हा मी तो लाकूड कापायच्या करवतीने टाचेपासून चवड्यापर्यंत उभा चिरला आणि वर्गात नेला. तळाचे तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खाली जमिनीला घासणारे रबर, तीन-चार मिलिमीटर जाड. सर्वांत वर, पायाखाली, काढता-घालता येणारा सुखतळा. आणि या दोघांच्या मध्ये बोटभर जाडीचा फोमचा थर. या थराला आपण मधला तळ म्हणू. बूट मऊ वाटतो की कठीण, हलका की जड, सहा महिने टिकतो की तीन वर्षे, हे बहुतेक या मधल्या तळावर ठरते. दुकानात मात्र आपण रंग पाहतो, लेस पाहतो, फार तर तळ उलटा करून नक्षी पाहतो. खरी गोष्ट पोटात दडलेली असते.

हा थर करतो काय? वरून आलेला चेंडू झेलताना आपण हात जरा मागे घेतो, तसेच. हात ताठ ठेवला तर चेंडू सणकून लागतो. हात मागे घेतला तर तोच चेंडू, तोच वेग, पण थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि मार कमी बसतो. पळताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्याला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने वर ढकलते. चाळीस किलोच्या मुलीला प्रत्येक पावलाला शंभर किलोच्या आसपासचा जोर झेलायचा असतो. त्या क्षणी मधला तळ काही मिलिमीटर दबतो आणि पाऊल उचलले की परत वर येतो. दबायला वाव असला पाहिजे आणि परत येण्याची ताकदही असली पाहिजे, दोन्ही हवे.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. दुकानात आपण अंगठ्याने तळ दाबून पाहतो आणि मऊ लागला की खूश होतो. पण अंगठ्याचा जोर किती आणि टाचेचा किती! फार मऊ फोम टाचेखाली पहिल्याच दणक्यात पुरता दबून जातो आणि मग दबायला काही उरतच नाही. पाय सरळ खालच्या रबरावर आपटतो. पातळ उशीवर डोके ठेवले की पलंगाची फळी लागते ना, तसे. म्हणून अंगठ्याला मऊ म्हणजे पायाला मऊ असे समजू नका. बूट पायात घालून दुकानातच दहा-वीस उड्या मारा. दुकानदार बघत राहिला तर राहू द्या.

आता दोन फोम. पहिल्याचे नाव ईव्हीए. पूर्ण नाव एथिलीन व्हिनाईल ॲसिटेट. नाव लांब आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. बाजारात ज्या हलक्या, एकसंध, पाण्यावर तरंगणाऱ्या रंगीत चपला मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा याच्याच असतात. पळण्याच्या बुटांत हा अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात आला, आणि आजही जगातल्या बहुसंख्य खेळाच्या बुटांच्या पोटात हाच आहे, नाहीतर याचीच काही मिसळण. करतात असा: ईव्हीएच्या दाण्यांत एक वायू सोडणारी पूड मिसळतात, दाणे एकमेकांना साखळीसारखे जोडणारे दुसरे एक द्रव्य घालतात, आणि साच्यात दाबाखाली तापवतात. साचा उघडला की आत कोंडलेला वायू मोकळा होतो आणि तो गोळा तेलात टाकलेल्या पुरीसारखा एकदम फुगतो. फुगून जे होते त्यात लक्षावधी बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा आपापल्या भिंतींत बंद असतो. एकाचा दुसऱ्याशी दरवाजा नाही. म्हणून ईव्हीए पाणी पीत नाही, आणि पोटात वायूच जास्त म्हणून हलका लागतो.

पायाला तो कसा लागतो? उडीदार, हलका, पहिल्या दिवसापासून मऊ. नवा बूट घालून माणूस खूश होतो तो यामुळेच. बुडबुड्यातला वायू दाबला की उलट जोर करतो आणि भिंतीही आपली लवचीकता दाखवतात. पण हीच त्याची दुबळी बाजू. पावलामागून पाऊल पडले की बंद बुडबुड्यातला थोडाथोडा वायू भिंतीतून झिरपून बाहेर जातो. भिंती वाकतात, सुरकुततात, काही ठिकाणी फाटतात. रात्रभर बूट ठेवला तर बराचसा फोम पुन्हा वर येतो. पण दर वेळी केसभर कमीच येतो. या केसाकेसाचीच बेरीज होत जाते.

कापसाची गादी अशीच बसते. पण गादी बसली की पिंजाऱ्याकडे देता येते. तो कापूस पिंजून देतो, गादी पुन्हा फुगते. बुटातला फोम पिंजता येत नाही. उन्हात ठेवून, दाबून, धुऊन तो परत फुगत नाही. उलट कडक उन्हात, पत्र्यावर किंवा चुलीशेजारी वाळत ठेवला तर ईव्हीए आकसतो आणि थरांमधला चिकटाही सुटतो. पावसाळ्यात ओले बूट चुलीजवळ ठेवण्याची आपली सवय या फोमला फार वाईट. आत जुने कागद कोंबून सावलीत, वाऱ्याला ठेवावेत.

किती दिवसांत बसतो, हे विचाराल. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुष्कळ प्रकारचे पळण्याचे बूट यंत्राखाली दणकवून पाहिले होते. सुमारे ८० किलोमीटरइतके दणके बसल्यावर बुटांची धक्का झेलण्याची मूळ शक्ती तीन-चतुर्थांश उरली होती, आणि ४०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान ती साठ टक्क्यांच्याही खाली गेली होती. पण माणसांनी पायात घालून पळवलेल्या बुटांत ८०० किलोमीटरनंतरही ती सत्तर टक्क्यांच्या आसपास होती. याचे एक कारण असे दिसते की यंत्र थांबत नाही आणि माणूस थांबतो, तेवढ्यात फोमला दम खायला मिळतो. पुढे २००४ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी ईव्हीएचेच बूट तपासले. ५०० किलोमीटर पळाल्यावर तळपायावर येणारा सर्वांत मोठा दाब सरासरीने दुप्पट झाला होता, आणि ७५० किलोमीटरनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुड्यांच्या भिंती सुरकुतलेल्या आणि मधूनमधून भोके पडलेल्या दिसल्या. आकडे बुटागणिक आणि माणसागणिक बदलतात. पण पाचशे किलोमीटरच्या पुढे ईव्हीएवर डोळे मिटून विश्वास टाकू नये, एवढे मी त्यातून घेतले.

दुसरा फोम पॉलियुरेथेन. दुकानात त्याला पीयू म्हणतात. याचा शोध जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. गादीतला स्पंज, गाडीची सीट, कारखान्यातल्या कामगारांच्या जाड बुटांचे तळ, मुलांच्या शाळेच्या कितीतरी बुटांचे तळ या एकाच घराण्यातले. हा दाण्यांचा नसतो. दोन पातळ द्रव एकत्र करून साच्यात ओततात. ते एकमेकांशी झटतात, वायू सुटतो, आणि ढोकळ्याच्या पिठासारखे मिश्रण वर येऊन तिथल्या तिथे घट्ट होते. साच्याला टेकलेली बाजू गुळगुळीत सालीसारखी होते, आत जाळी.

पीयूची जाळी ईव्हीएपेक्षा भरीव असते. ईव्हीएच्या मधल्या तळाचे वजन साधारणपणे दर घनसेंटिमीटरला ०.१५ ते ०.२५ ग्रॅम, तर पीयूचे ०.३ ते ०.५ ग्रॅम. हे कोरडे आकडे पायाला कसे जाणवतात ते पाहू. सात नंबरच्या बुटाचा मधला तळ ३५० घनसेंटिमीटर धरा. ईव्हीए ०.२ चा असेल तर तो ७० ग्रॅमचा झाला, पीयू ०.४ चा असेल तर १४० ग्रॅमचा. एका पायाला ७० ग्रॅमचा फरक. पळण्यावर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की प्रत्येक पायाला १०० ग्रॅम जास्त बांधले की सुमारे एक टक्का अधिक शक्ती खर्च होते. पंधराशे मीटरच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे पहिला आणि चौथा यांच्यातले अंतर असू शकते. पण रोज सहा किलोमीटर चालून शाळेत जाणाऱ्या गुरुजींना किंवा दिवसभर गिऱ्हाइकापुढे उभे राहणाऱ्या दुकानदाराला तो एक टक्का कळणारही नाही.

पीयू पायाला जरा ठाम लागतो. पहिल्या दिवशी ईव्हीएइतका आवडत नाही. पण तो जसा पहिल्या दिवशी असतो तसाच शंभराव्या दिवशी पुष्कळसा राहतो, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या भिंती जाड असतात आणि तो कोंडलेल्या वायूवर फारसा विसंबून नसतो. बराचसा भार भिंतीच उचलतात. दबतो आणि परत येतो, कमी कटकटीत. दिवसभर उभे राहण्याच्या कामाला, ओझे वाहणाऱ्याला, अंगाने जड असलेल्या माणसाला म्हणून हाच बरा. अर्थात सगळे पीयू सारखे नसतात. स्वस्तात हलका करायच्या नादात फार जाळीदार केलेला पीयूही लवकर बसतो, आणि घट्ट केलेला ईव्हीए बराच काळ तग धरतो. नावापेक्षा घट्टपणा पाहावा लागतो.

मग माझ्या बुटांचा भुगा का झाला? ते पीयूचे होते. टिकाऊ म्हणूनच घेतले होते!

त्याचे कारण पाण्यात आहे. नळाच्या नव्हे, हवेतल्या पाण्यात. पीयूच्या एका मोठ्या प्रकारात रेणूंच्या साखळ्या पॉलिएस्टरच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात. हा प्रकार झिजेला आणि तेलाला चांगला तोंड देतो, म्हणून बुटांत पुष्कळ वापरतात. पण हवेतला ओलावा आत शिरून हे दुवे एकेक करून तोडतो. याला जलविघटन म्हणतात. दुवा तुटला की त्यातून थोडे आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पुढचे दुवे तुटायला मदत करते. म्हणजे दुखणे सुरुवातीला हळू आणि मग भराभर वाढते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की आणखी जोर. आमच्या चिपळूणच्या बाजूला चार महिने भिंतींनाही ओल येते. बंद ट्रंकेत, बंद खोक्यात ती ओल कोंडून राहते. सात पावसाळे माझे बूट त्या ओलीत बसून होते. वापरले नाहीत म्हणून वाचले, असे मला वाटत होते. पाणी वापर मोजत नाही, वर्षे मोजते. पॉलिइथर नावाचा पीयूचा दुसरा प्रकार पाण्याला जास्त दाद देत नाही, पण बुटावर तसे लिहिलेले क्वचितच सापडते.

हे दुखणे आधी कळते का? थोडेसे. वर्ष-दोन वर्षे ठेवलेला पीयूचा बूट घालण्यापूर्वी मधल्या तळाच्या कडेवर नख रोवून पाहा. नवा पीयू नख आत घेतो आणि खूण भरून काढतो. बिघडलेल्यावर खूण तशीच राहते, किंवा जागा चिकट लागते, किंवा बारीक भेगांतून पूड सुटते. मग तळ दोन्ही हातांनी वाकवा. कडेला चिरा उमटल्या तर तो बूट घालून प्रवासाला निघू नका. तळ घाटातच सुटेल. ईव्हीएला हे दुखणे जवळजवळ नाही. तो जुना होऊन कडक होतो, आकसतो, पण भुगा होत नाही.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या बुटात भुगा नव्हता, भेग नव्हती. तिथे फोम ईव्हीएचा होता आणि तो बसला होता; पण बसला आहे हे सिद्ध कसे करायचे? बूट कापायचा नव्हता, तिच्याकडे दुसरा जोड नव्हता. तेव्हा आम्ही वर्गात एक सोपी युक्ती केली, ती कोणत्याही शाळेत करता येईल.

सायकलच्या चाकाची एक सरळ तार घेतली आणि बरोबर २०० मिलिमीटरवर कापून टोके घासली. बूट सपाट टेबलावर ठेवला, सुखतळा बाहेर काढला, आणि तार टाचेच्या मधोमध आत उभी टेकवली. मग टेबलापासून तारेच्या वरच्या टोकापर्यंत फूटपट्टीने उंची मोजली. त्यातून २०० वजा केले की टाचेखालचा सगळा तळ किती जाड आहे ते मिळते. तिच्या बुटाची उंची भरली २२६. म्हणजे तळ २६ मिलिमीटर. मग बाजारातल्या दुकानात जाऊन त्याच बनावटीचा, त्याच नंबरचा नवा बूट मागितला आणि तसाच मोजला. तो भरला २३१. तळ ३१ मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा फरक. त्यातले खालचे रबर किती झिजले? टाचेच्या मध्यावर नक्षीची खोली नव्यात आणि जुन्यात मोजली. एक मिलिमीटर कमी. उरलेले चार मिलिमीटर फोमने गमावले होते. नव्या बुटात मधला फोम साधारण २४ मिलिमीटरचा होता, म्हणजे त्याचा सहावा हिस्सा कायमचा दबून गेला होता. आणि जो उरला तोही सुरकुतलेल्या भिंतींचा.

मापाच्या आधीही बूट बोलत होता, आम्ही ऐकले नव्हते. टाचेच्या बाजूच्या भिंतीवर आडव्या सुरकुत्या होत्या, भार नसतानाही न जाणाऱ्या. नव्या बुटावर त्या नसतात. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून डोळे टाचेच्या पातळीत आणून पाहिले, तर डावा बूट बाहेरच्या अंगाला कललेला दिसला. सुखतळा काढून आत हात फिरवला तर टाचेखाली खळगा लागला. खालच्या रबराची नक्षी शाबूत, म्हणून सगळे फसले होते. रबर झिजायला वेळ लागतो. फोम त्याच्या कितीतरी आधी संपतो.

मग हिशेब मांडला. ती आठवड्यातून पाच दिवस, रोज पाच किलोमीटर पळत होती. आठवड्याला २५. जुलैच्या अखेरीपासून डिसेंबरअखेर बावीस आठवडे, म्हणजे ५५० किलोमीटर. पळताना दर किलोमीटरला एका पायाची सहाशेच्या आसपास पावले पडतात. म्हणजे प्रत्येक टाचेने तीन लाखांवर दणके खाल्ले. शिवाय मावसभावाचे वर्ष वेगळे, आणि तो अंगाने तिच्यापेक्षा भारी. फोम तिच्या पायात आला तेव्हाच निम्मा म्हातारा होता.

इथे एक प्रामाणिकपणे सांगतो. तिची नडगी नुसत्या बुटामुळेच दुखत होती, असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर आम्ही तिचे अंतर एकदम वाढवले होते, आणि नडगी दुखण्याचे ते नेहमीचे कारण आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणे बंद करायला सांगितले, ते केले. नंतर अंतर हळूहळू वाढवले आणि नवा ईव्हीएचा जोड दिला. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, मग गुण कशाचा हे कोण सांगणार? पण बसलेला बूट पुन्हा तिच्या पायात घालण्याची माझी छाती झाली नाही.

काही पालकांनी विचारले, “गुरुजी, नवा सुखतळा टाकला तर नाही का चालणार?” मी त्यांना फूटपट्टी दाखवली. सुखतळा चार-पाच मिलिमीटरचा असतो. तो पायाला पहिले दोन दिवस मऊ लागेल, पण खालचा खळगा तसाच राहील, कललेला बूट कललेलाच राहील. सुखतळा घामासाठी बदलावा, फोमसाठी नव्हे.

या दोघांच्या पलीकडे नवे फोमही आले आहेत, त्यांची ओळख करून देतो. २०१३ साली आदिदास कंपनीने पॉलियुरेथेनच्याच एका प्रकारचे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवून तळ काढला; साबुदाण्याच्या खिचडीसारखा दिसतो. तो ईव्हीएपेक्षा जड, पण उसळी चांगली आणि थंडीत कडक होत नाही. नंतर २०१७ साली नायकीने पेबा नावाच्या द्रव्याचा फार हलका फोम शर्यतीच्या बुटात आणला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तो जुन्या पद्धतीच्या शर्यतीच्या बुटाशी ताडून पाहिला, तेव्हा दाबताना घातलेल्या शक्तीपैकी ८७ टक्के त्याने परत दिली, जुन्याने सुमारे ६६. त्यात कार्बनची पट्टीही होती, हे विसरू नये. असे बूट मोठ्या शर्यती धावणाऱ्यांसाठी. किंमत ऐकून आपण दुकानातून हळूच बाहेर पडावे हे बरे.

आपल्यासारख्यांनी घ्यावा काय? शाळेत पळणाऱ्या मुलाला ईव्हीए, आणि शक्य असेल तर शर्यतीचा जोड आणि रोजच्या चालण्याचा जोड वेगळा. पळायच्या बुटाने बाजारहाट करू नये, कारण चालण्याची पावलेही फोमच्या खात्यात मांडली जातात. घेतल्या दिवशी तार लावून उंची मोजावी आणि जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख व माप लिहून ठेवावे. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. मोजण्याआधी बूट एक दिवस विसावू द्यावा, नाहीतर नुकताच दबलेला फोम कमी भरतो. कोणी मोठ्या भावाचा जोड दिला तर नाही म्हणू नये; पण आधी तार लावावी, आणि तळ बसलेला निघाला तर तो शाळेत जाण्यायेण्यापुरता ठेवावा. चालण्याच्या, उभे राहण्याच्या कामाला पीयू घ्यावा आणि तो रोज वापरावा. लग्नकार्यासाठी म्हणून ट्रंकेत ठेवायचा असेल तर पीयू नको. ठेवलाच तर उघड्या फळीवर, वारा लागेल असा.

माझ्या भुगा झालेल्या बुटांचे काय झाले ते सांगायचे राहिले. वरचे कातडे उत्तम होते, टाकवेना. स्टँडसमोर बूट शिवायला बसतात त्यांच्याकडे नेले. त्यांनी जुना भुगा खरवडून काढला, खालचे रबर बाजूला ठेवले, ईव्हीएची एक घट्ट चादर दोन थरांत कापून चिकटवली, कडा पाटीवर घासून सारख्या केल्या आणि तेच रबर पुन्हा खाली बसवले. “पीयू आम्हांला इथं ओतता येत नाही गुरुजी, साचा लागतो,” ते म्हणाले, “पण हे दोन पावसाळे काढील.” एक पावसाळा त्याने काढला आहे. बूट आता ट्रंकेत नसतात, पायात असतात. दुरुस्तीच्या दिवशी तार लावली होती तेव्हा टाचेखाली ३० मिलिमीटर भरले होते. गेल्या महिन्यात २८ भरले.